चार बाजार, एक रुपया

पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाची गुंतवणूक आता एकाच शेअर बाजारात मावत नाही. घरातला एक जण अमेरिकी कंपनीच्या इथल्या कार्यालयात नोकरीला असतो आणि त्याला पगाराबरोबर त्या कंपनीचे शेअर मिळतात. दुसऱ्याने लंडनच्या मुक्कामात तिथले शेअर घेतलेले असतात, जपानच्या प्रकल्पावर असताना टोकियोतले थोडे घेतलेले असतात. मुंबईच्या बाजारातलं डीमॅट खातं तर आहेच. मग घराचं कर्ज फेडायचं किंवा निवृत्तीचा विचार करायचा म्हटलं की सरळ प्रश्न येतो, ‘सगळं मिळून आपल्याकडे किती आहे?’ खर्च रुपयांत होणार, म्हणून उत्तरही रुपयांत हवं.

वरवर पाहता हे काम गुणाकाराचं आहे. शेअरची संख्या, भाव आणि चलनाचा दर यांचा गुणाकार करायचा आणि बेरीज मांडायची. गुणाकार बिनचूक येतो, तरी बेरीज चुकते. कारण प्रत्येक आकड्याला एक एकक असतं आणि एक तारीख असते. हिशेबाच्या तक्त्यात आकडा तेवढा उतरतो, एकक आणि तारीख मागे राहतात.

एक उदाहरण गोल आकड्यांनी मांडू. समजा डॉलर 85 रुपये, पौंड 110 रुपये आणि शंभर येन 58 रुपये आहेत. भारतातल्या शेअरची किंमत 24 लाख. अमेरिकेतले 120 शेअर 200 डॉलर भावाने 24,000 डॉलरचे, म्हणजे 20 लाख 40 हजार रुपये. लंडनचे 1,500 शेअर, पडद्यावरचा भाव 800. टोकियोचे 400 शेअर, भाव 2,500 येन, म्हणजे दहा लाख येन.

लंडनच्या ओळीपाशी थांबायला हवं. लंडनच्या बाजारात बहुतेक शेअरचे भाव पौंडात नसून पेन्समध्ये सांगितले जातात. पडद्यावर भावाशेजारी GBX किंवा GBp असं लिहिलेलं असतं. पौंडासाठीची खूण GBP. GBp आणि GBP यांत फरक एवढाच की पहिल्यातलं शेवटचं p लहान अक्षरात आहे, आणि किमतीतला फरक शंभर पट. म्हणजे 800 हे आठ पौंड झाले, 1,500 शेअरचे 12,000 पौंड आणि त्याचे 13 लाख 20 हजार रुपये. पेन्सला पौंड समजलं तर याच ओळीत 13 कोटी 20 लाख येतील. एवढी मोठी चूक कुणाच्याही लक्षात येते. पण लंडनचे शेअर पंधराच असते, तर खरी किंमत 13,200 रुपये आणि चुकीची 13 लाख 20 हजार. साठ-पासष्ट लाखांच्या बेरजेत हा आकडा अगदी शोभून दिसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतो. म्हणून छोट्या ओळी अधिक बारकाईने तपासाव्यात.

‘लंडनचा भाव आला की शंभराने भागायचं’ असा नियम करून टाकावा, तर तोही पुरत नाही. अमेरिकेच्या एस अँड पी 500 निर्देशांकावर चालणारा एक आयशेअर्स फंड लंडनच्या बाजारात दोन नावांनी मिळतो. CSPX या नावाने त्याचा भाव डॉलरमध्ये असतो आणि CSP1 या नावाने पेन्समध्ये. बाजार एक, फंड एक, एकक निराळं. काही फंडांचे भाव तर सरळ पौंडातच असतात. त्यामुळे एकक बाजारावरून ठरवू नये, प्रत्येक ओळीचं वेगळं पाहावं. जोहान्सबर्गलाही भाव रँडऐवजी सेंटमध्ये असतात आणि तेल अवीवला शेकेलऐवजी अगोरात.

येनची गोष्ट याच्या उलट आहे. इथे भाव सरळ येनमध्ये असतो, पण रुपयाचा दर शंभर येनचा सांगितला जातो. आपल्याकडे डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतात. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक करत असे, जुलै 2018पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. त्यातला येनचा आकडा शंभर येनसाठी असतो. आपल्या तक्त्यात मात्र दर नेहमी एका एककाचा लिहावा, म्हणजे येनपुढे 0.58. मग दहा लाख येनचे 5 लाख 80 हजार रुपये होतात.

तक्त्यात यासाठी एक रकाना वाढवला की पुरे. संख्या C मध्ये, भाव D मध्ये, भाजक E मध्ये आणि एका एककाचा रुपयातला दर F मध्ये लिहायचा. पेन्स, सेंट किंवा अगोरातल्या भावाच्या ओळीत भाजक 100, बाकी सगळीकडे 1.

```
=C2*D2/E2*F2
```

चारही ओळींची बेरीज 63 लाख 40 हजार होते.

आता अशी चूक पाहू, जी आकड्याच्या आकारावरून पकडता येत नाही. पुष्कळ जण पौंडाचे आधी डॉलर करतात आणि मग डॉलरचे रुपये. आपल्या दरांनी एका पौंडाला 1.294 डॉलर पडतात. पण एखाद्या ठिकाणाहून दर घेताना तो उलटा आला, म्हणजे एका डॉलरला 0.773 पौंड, आणि त्यानेच गुणलं, तर लंडनचे 13 लाख 20 हजार सुमारे 7 लाख 88 हजार दिसतात. आकडा पटण्यासारखा असतो, म्हणूनच ही चूक पेन्सच्या चुकीपेक्षा वाईट. ती पकडायची सोपी युक्ती आहे. तक्त्यातल्या पौंडाच्या दराला डॉलरच्या दराने भागावं. 110 भागिले 85 म्हणजे 1.294. बाजारात पौंड-डॉलरचा दर याच्या आसपास असेल तर दोन्ही दर ठीक, नसेल तर कुठेतरी उलटापालट झालेली आहे. भावासाठीही अशी पडताळणी काही कंपन्यांपुरती करता येते. एचएसबीसी बँकेचा शेअर लंडनमध्ये पेन्समध्ये, हाँगकाँगमध्ये तिथल्या डॉलरमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये ठेवपावतीच्या रूपात मिळतो. न्यूयॉर्कची एक पावती म्हणजे पाच शेअर. लंडनच्या भावाचे पौंड करून, त्यांचे डॉलर करून पाचाने गुणलं की न्यूयॉर्कच्या जवळपासचा आकडा यायलाच हवा.

एककाइतकीच तारीख महत्त्वाची. सोमवारी दुपारी चारला बेरीज केली, तर मुंबईचा भाव त्या दिवशीच्या बंदचा आणि टोकियोचाही त्या दिवशीचा असतो, कारण तो बाजार आपल्या दुपारी बारालाच बंद झालेला असतो. लंडनचा बाजार तेव्हा भर कामकाजात असतो आणि अमेरिकेचा भाव शुक्रवारच्या रात्रीचा असतो, पण त्याला लावलेला डॉलरचा दर सोमवारचा. अशी बेरीज कोणत्याच एका क्षणाची नसते. मोठ्या संस्था यासाठी जगभरच्या चलनांचे लंडनच्या दुपारी चारचे दर धरतात. एमएससीआयचे जागतिक निर्देशांकही त्याच दरांवर मोजले जातात. घरच्या हिशेबाला महिनाअखेरची तारीख पुरते: त्या तारखेचा प्रत्येक बाजाराचा बंद भाव आणि त्याच तारखेचे संदर्भ दर. दुपारचा दर आणि मध्यरात्रीनंतरचा अमेरिकी बंद यांत अंतर राहतंच, पण दर महिन्याला ते सारखंच राहिलं तर महिन्यांची तुलना खरी राहते.

सुट्ट्या आल्या की नियम आधीच ठरलेला असावा. मार्च 2024च्या अखेरीला 29 तारखेला गुड फ्रायडे होता आणि 30, 31ला शनिवार-रविवार. मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्कचे शेवटचे भाव 28 मार्चचे होते, टोकियोचा बाजार मात्र 29ला चालू होता. अशा वेळी प्रत्येक आकडा त्या तारखेपर्यंतचा शेवटचा उपलब्ध घ्यावा आणि त्याची तारीख शेजारच्या रकान्यात लिहावी.

इथवर एकूण किंमत झाली. पुढचा प्रश्न ‘फायदा किती?’ हा असतो. जाणती माणसंही इथे घसरतात. आपले 120 अमेरिकी शेअर 160 डॉलरला घेतले होते आणि तेव्हा डॉलर 75 रुपये होता असं धरू. मुद्दल 19,200 डॉलर, त्याचे 14 लाख 40 हजार रुपये. आज किंमत 20 लाख 40 हजार, म्हणजे फायदा सहा लाख, जवळजवळ 42 टक्के. पण तक्त्यात खरेदीची किंमत डॉलरमध्ये ठेवून तिलाही आजचाच 85चा दर लावला, तर मुद्दल 16 लाख 32 हजार होतं आणि फायदा 4 लाख 8 हजार, म्हणजे 25 टक्के. एकूण किंमत दोन्हीकडे बरोबर आहे, फायद्यातले 1 लाख 92 हजार रुपये मात्र गायब झाले. खिशातून गेले होते ते 75च्या दराचे रुपये, म्हणून खरेदीची किंमत खरेदीच्या दिवशीच्या दराने रुपयांत करून कायमची गोठवावी. जुना दर हाताशी नसेल तर गूगल शीट्समध्ये तो असा मिळतो:

```
=INDEX(GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR",
 "price",DATE(2024,3,28)),2,2)
```

या सहा लाखांचे तीन भाग पडतात, ते वेगळे पाहण्यासारखे आहेत. शेअरचा भाव वाढला त्याचे, जुन्या दराने, 3 लाख 60 हजार. मूळच्या 19,200 डॉलरवर डॉलर दहा रुपयांनी वधारला त्याचे 1 लाख 92 हजार. आणि वाढलेल्या 4,800 डॉलरवरही ते दहा रुपये मिळाले, त्याचे 48 हजार. म्हणून 25 टक्के आणि 13.3 टक्के यांची बेरीज करून 38 म्हणणं चूक आहे. 1.25 ला 1.1333 ने गुणलं की 1.417 येतो, तोच खरा आकडा. कंपनीने काय कमावून दिलं आणि रुपया घसरल्याने काय मिळालं, हे कळल्याशिवाय त्या शेअरविषयी मत बनवण्यात अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं.

हीच फोड दर महिन्याला तपासणी म्हणून वापरता येते. गेल्या महिन्याच्या बेरजेत या महिन्याचे भावबदल, दरबदल आणि आत-बाहेर झालेले पैसे मिळवले की नवी बेरीज यायला हवी. काही उरलं, तर ती चूक आहे. एनव्हिडियाने जून 2024 मध्ये एका शेअरचे दहा केले तेव्हा भाव दहाव्या हिश्शावर आला. ज्यांच्या तक्त्यात संख्या जुनीच राहिली त्यांना त्या ओळीत नव्वद टक्के घट दिसली असणार. लाभांश तिथल्या खात्यात डॉलरमध्येच पडून राहतो, त्याची स्वतंत्र ओळ केलेली नसेल तर तोही या उरलेल्या फरकात सापडतो.

बेरीज हाती आल्यावर लोक तिच्यावरून चलनांचे हिस्से काढतात, तिथे एक सावधगिरी हवी. इन्फोसिसची ठेवपावती न्यूयॉर्कच्या बाजारात डॉलरमध्ये विकली जाते. तिची एक पावती म्हणजे एक शेअर. ती डॉलरच्या रकान्यात पडते, पण तिची रुपयांतली किंमत मुंबईतल्या शेअरच्या मागोमागच चालते. डॉलर नुसता वधारला म्हणून तिची रुपयांतली किंमत वाढेल असं नाही, पावतीचा डॉलरमधला भाव तेवढा खाली येऊ शकतो.

आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्याला मात्र ही बेरीज चालत नाही. तिथे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असं वर्ष धरलं जातं, वर्षातली सर्वोच्च किंमत आणि वर्षअखेरची किंमत दोन्ही द्यावी लागतात, आणि दर स्टेट बँकेचा तार हस्तांतर खरेदीचा लागतो. त्यासाठी त्याच तक्त्यात दराचा दुसरा रकाना ठेवावा. तो दर रोजच्या रोज उतरवून ठेवलेला बरा, कारण जुन्या तारखेचा दर नंतर शोधणं फार वेळखाऊ ठरतं.