एम रुपयांचं काल्पनिक दुकान

गाईच्या रोजच्या खुराकाचा हिशेब मांडू. सरकी पेंड ४० रुपये किलो, मक्याचा भरडा ३० रुपये किलो. सोयीसाठी आकडे सुटसुटीत धरू: किलोभर पेंडीतून प्रथिनांची २ एककं आणि ऊर्जेचं १ मिळतं, तर किलोभर भरड्यातून प्रथिनांचं १ आणि ऊर्जेची ३. गाईला प्रथिनांची किमान १० आणि ऊर्जेची किमान १५ एककं हवीत. खर्च मात्र कमीत कमी हवा. पेंड x किलो आणि भरडा y किलो धरला, तर:

```
किमान Z = 40x + 30y
2x + y  ≥ 10
x  + 3y ≥ 15
```

असं गणित सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली मांडली. तिला सुरुवातीला एक चालण्याजोगं उत्तर हातात लागतं. अटी 'जास्तीत जास्त इतकं' अशा असतील तर 'काहीच घेऊ नका' हे उत्तर चालून जातं. इथे काहीच घेतलं नाही तर गाय उपाशी राहते. गरजेपेक्षा जास्त झालेला भाग वजा करून (त्याला अधिशेष चल म्हणतात) पहिली अट 2x + y − s1 = 10 अशी लिहिली, तरी x आणि y शून्य ठेवताच s1 उणे दहा होतो. उणे चल या पद्धतीत चालत नाही.

म्हणून दोन्ही समीकरणांत एकेक कृत्रिम चल मिळवतात, a1 आणि a2. त्यांचा अर्थ असा समजा: एका काल्पनिक दुकानात नुसती प्रथिनं आणि नुसती ऊर्जा मिळते, पण भाव एककाला M रुपये, आणि M प्रचंड मोठा. हा भाव Z मध्येही मिळवायचा. आता सुरुवात करता येते. सगळा माल त्या दुकानातून घ्या, म्हणजे a1 = 10, a2 = 15 आणि खर्च 25M. पहिला तक्ता असा:

```
आधार | x      y      s1  s2  a1  a2 | किंमत
a1   | 2      1      -1   0   1   0 | 10
a2   | 1      3       0  -1   0   1 | 15
C-Z  | 40-3M  30-4M   M   M   0   0 |
```

शेवटची ओळ सांगते की एखादी वस्तू एककभर वाढवली तर खर्च किती बदलेल. भरडा एक किलो घेतला की दुकानातली चार एककं वाचतात, म्हणून 30 − 4M. हीच सर्वांत उणे संख्या, तेव्हा y आत येणार. गुणोत्तरं 10/1 आणि 15/3. लहान ५, म्हणून a2 बाहेर. बाहेर पडलेल्या कृत्रिम चलाचा स्तंभ तिथेच खोडून टाकतात, कारण त्याला परत घ्यायचं नाही.

दुसऱ्या तक्त्यात y = 5, a1 = 5, खर्च 150 + 5M. x खालची संख्या 30 − 5M/3, अजूनही उणे. x आत येतो, a1 जातो. आता x = 3, y = 4. शेवटच्या ओळीत s1 खाली 18 आणि s2 खाली 4 येतात. उणे काहीच उरत नाही, म्हणून थांबायचं. खर्च २४० रुपये.

या १८ आणि ४ कडे नीट पाहा. प्रथिनांची गरज एककभर वाढली तर खर्च १८ रुपयांनी वाढेल, ऊर्जेची वाढली तर ४ रुपयांनी. म्हणजे M १८ पेक्षा मोठा हवा. समजा, M फक्त १० घेतला. पहिल्या फेरीनंतर x खाली 30 − 50/3, म्हणजे सुमारे 13.3 येतं आणि पद्धत तिथेच थांबते: ५ किलो भरडा, प्रथिनांची ५ एककं दुकानातून, खर्च २००. काल्पनिक दुकान पेंडीपेक्षा स्वस्त पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

M पुरेसा मोठा असूनही शेवटी कृत्रिम चल शून्याहून मोठा उरला, तर दोष गणिताचा नाही, अटींचा आहे. वरच्या गणितात 'एकूण खुराक ४ किलोच्या आत' अशी अट घाला. एका फेरीतच y = 4, a1 = 6, a2 = 3 वर तक्ता थांबतो. चार किलोत या दोन वस्तूंतून प्रथिनांची आठच्या वर एककं मिळूच शकत नाहीत, म्हणून खरं उत्तर अस्तित्वातच नाही.

हाताने सोडवताना M अक्षरच ठेवता येतं. संगणकाला मात्र आकडा द्यावा लागतो, आणि तो अवाच्या सवा मोठा दिला तर 40 − 3M मधले ४० पूर्णांकनातच विरून जातात. त्यामुळे संगणकावर बहुधा आधी कृत्रिम चलांची बेरीजच शून्यावर आणतात आणि मग खऱ्या खर्चाकडे वळतात. याला द्विचरण पद्धत म्हणतात.

तेव्हा शेवटच्या तक्त्यात Z वाचण्याआधी कृत्रिम चल तपासा. एखादा शून्याहून मोठा दिसला, तर M वाढवून पाहा. तरीही तो हटला नाही, तर अटी तपासा.