स्नेहसंमेलनातले इंग्रजी स्वागत : दीड मिनिटाचे भाषण कसे बांधावे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम. बेळगाव आणि आसपासच्या गावांत मराठी माध्यमाच्या शाळेचा कार्यक्रम असला तरी व्यासपीठावर मराठी जाणणारेच बसलेले असतात असे नाही. बीईओ साहेब कन्नड बोलणारे असतात, एसडीएमसीचे अध्यक्ष मराठी, देणगीदार एखादे वेळी हुबळीचे किंवा बंगळूरचे. अशा वेळी शाळा स्वागताचे चार शब्द इंग्रजीत ठेवते आणि ते काम पाचवी ते आठवीतल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. मग पालक कागद घेऊन आमच्याकडे येतात, “एवढे पाठ करून घ्या.” त्या कागदांवर काम करताना आम्हाला जे कळले ते येथे मांडत आहोत. भाषणाचे नमुने देवनागरीतच देतो, म्हणजे घरातल्या आजी-आजोबांनाही सराव घेता येईल.

एका सहावीतल्या मुलीने आणलेल्या कागदावरचे पहिले वाक्य असे होते : “इट गिव्ज मी इमेन्स प्लेझर टू एक्स्टेंड अ वॉर्म अँड कॉर्डियल वेलकम टू वन अँड ऑल प्रेझेंट हिअर ऑन धिस ऑस्पिशस ऑकेजन ऑफ अवर ॲन्युअल सोशल गॅदरिंग.” यात व्याकरणाची चूक नाही. पण हे सत्तावीस शब्दांचे एकच वाक्य आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा श्वास त्याला पुरत नाही. ती मध्येच कुठेतरी थांबते, आणि जिथे थांबते तिथे अर्थ तुटतो. दुसरी अडचण उच्चारांची. ‘प्लेझर’मधला मधला आवाज मराठीत नाही, म्हणून त्याचे ‘प्लेजर’ होते. ‘ऑस्पिशस’ तर मोठ्यांचीही जीभ अडवतो. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी : हे वाक्य मुलीला समजलेलेच नसते. न समजलेल्या वाक्यातला एक शब्द विसरला की पुढचे सगळे जाते, कारण आठवायला अर्थाचा आधार नसतो.

म्हणून आमचा पहिला नियम असा, की वाक्य दहा शब्दांपलीकडे जाऊ द्यायचे नाही, आणि मुलाला मराठीत लगेच सांगता येणार नाही असा शब्द ठेवायचा नाही. ‘इमेन्स प्लेझर’च्या जागी ‘वी आर हॅपी’ चालते. ते कमी प्रतीचे इंग्रजी नव्हे. मंचावरच्या पाहुण्यांना ते अधिक स्पष्ट ऐकू येते, एवढेच.

भाषण लिहिण्याआधी त्याचे काम ठरवावे लागते. आपल्या कार्यक्रमात नाडगीत, ईशस्तवन, दीपप्रज्वलन झाले की स्वागत येते. पाहुण्यांचा परिचय वेगळा असतो, तो बहुधा शिक्षक करून देतात. शेवटी आभारही वेगळे असतात. तरीही आमच्याकडे येणाऱ्या कागदांत पाहुण्यांच्या पदव्या असतात, शाळेचा इतिहास असतो, आणि मंडपवाल्याचे आभारही असतात. हे सगळे काढले की स्वागताला चारच गोष्टी उरतात : मी कोण, आज काय आहे, कोणाकोणाचे स्वागत, आणि पुढे काय पाहायला मिळणार.

त्या मुलीसाठी शेवटी जे भाषण तयार झाले ते असे. नावांच्या जागी ‘अमुक’ लिहिले आहे.

गुड ईव्हनिंग, एव्हरीवन.
माय नेम इज अमुक, अँड आय ॲम इन क्लास सिक्स.
टुडे इज अवर ॲन्युअल डे.
वी हॅव वेटेड फॉर इट फॉर मेनी वीक्स.
वी आर हॅपी दॅट यू आर हिअर.
आय वेलकम अवर प्रेसिडेंट, मिस्टर अमुक.
आय वेलकम अवर चीफ गेस्ट, मिसेस अमुक.
थँक यू फॉर कमिंग टू अवर स्कूल.
आय वेलकम अवर हेडमास्टर सर अँड ऑल अवर टीचर्स.
यू स्टेड विथ अस आफ्टर स्कूल अँड हेल्प्ड अस प्रॅक्टिस.
आय वेलकम अवर पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स.
मेनी ऑफ यू मेड अवर कॉस्च्यूम्स ॲट होम.
धिस ईव्हनिंग वी विल सिंग, डान्स अँड ॲक्ट.
वी हॅव साँग्ज इन मराठी, कन्नड अँड इंग्लिश.
इफ वी फर्गेट अ लाइन, प्लीज क्लॅप अ लिटल लाउडर.
वन्स अगेन, वेलकम टू यू ऑल.
थँक यू.

एकूण एकशेवीस शब्द, सतरा वाक्ये, सगळ्यांत लांब वाक्य दहा शब्दांचे. मुलाने घाई न करता म्हटले तर साधारण दीड मिनिट लागते. शिक्षकांनी शाळेनंतर थांबून सराव घेतला, घरच्यांनी पोशाख शिवले, ही वाक्ये त्या मुलीने स्वतः सांगितली होती. आम्ही फक्त इंग्रजीत बसवली. तुमच्या शाळेत जे घडले असेल ते या दोन ठिकाणी घालावे. स्वागतात नावांइतकेच हे वाक्य लोकांच्या लक्षात राहते, कारण ते दुसऱ्या कोणत्याही शाळेच्या कागदावर नसते.

आता मराठी घरातल्या मुलांच्या इंग्रजीत हमखास येणाऱ्या तीन-चार जागा. ‘मायसेल्फ अमुक’ असे म्हणू नये. स्वतःची ओळख ‘माय नेम इज’ किंवा ‘आय ॲम’ने होते. ‘आपले आजचे प्रमुख पाहुणे’ याचे शब्दाला शब्द ठेवून ‘अवर टुडेज चीफ गेस्ट’ केले जाते. इंग्रजीत नुसते ‘अवर चीफ गेस्ट’ पुरते, ‘आजचे’ हे सगळ्यांना दिसतेच आहे. पाहुण्यांकडे पाहून ‘यू आर वेलकम’ म्हटले तर ते कोणी आभार मानल्यावर द्यायचे उत्तर वाटते. म्हणून ‘आय वेलकम यू’ किंवा ‘वेलकम टू यू ऑल’ म्हणावे. आणि आदर दाखवायला ‘मिस्टर अमुक सर’ असे दोन्ही एकदम जोडू नये. आडनावाआधी ‘मिस्टर’ लावावे, नाहीतर नुसते ‘सर’ म्हणावे.

उच्चारांत सगळेच सुधारायला जाऊ नये, महिनाभरात ते होतही नाही. आम्ही दोनच गोष्टी पकडतो. पहिली ‘वेलकम’, कारण तोच शब्द भाषणात पाच वेळा येतो. मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. इथे दातांचा संबंध नाही, शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करून सुरुवात करायची आणि जोर ‘वेल’वर द्यायचा. ‘ईव्हनिंग’मध्ये मात्र दात ओठाला टेकतात. हे दोन शब्द आरशासमोर पाठोपाठ म्हटले की फरक मुलाला स्वतःलाच दिसतो. दुसरी गोष्ट शब्दाचा शेवट. घाईत ‘गेस्ट’चे ‘गेस’ आणि ‘पेरेंट्स’चे ‘पेरेंट’ होते, आणि माईकवर ते आणखी पुसट ऐकू येते. शेवटचे अक्षर ऐकू आले की पुढच्या शब्दाला हात घालायचा. आणखी एक शब्द सावधपणे हाताळावा : मंचाला इंग्रजीत ‘डेइस’ म्हणतात, आपल्याकडे त्याचे सर्रास ‘डायस’ होते. आमच्या भाषणात तो शब्दच घेतलेला नाही.

नावांचा क्रम हा नाजूक विषय. तो मुलावर सोपवू नये आणि आपणही ठरवू नये. शाळेने छापलेल्या निमंत्रण पत्रिकेत जो क्रम आहे तोच घ्यावा, म्हणजे मागेपुढे झाल्याचे कोणाला वाटत नाही. पण पत्रिका छापल्यावरही पाहुणे बदलतात. बीईओ साहेबांना बैठक लागते आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी येते. पाठ केलेले नाव तोंडातून निघून जाते आणि खुर्चीत भलताच माणूस बसलेला असतो. यासाठी नावांची वाक्ये वेगळ्या जाड कार्डावर लिहून हातात ठेवावीत आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकांकडून तपासून घ्यावीत. बाकीचे भाषण पाठ असावे, नावे मात्र पाहून म्हणावीत. त्यात काही कमीपणा नाही. नाव कन्नड असेल तर त्याचा उच्चार कन्नडच्या शिक्षकांना विचारून देवनागरीत लिहून घ्यावा.

या भाषणातला एक धोका आधीच सांगायला हवा. ‘आय वेलकम’ने सुरू होणारी चार वाक्ये आहेत. सारख्या सुरुवातीच्या वाक्यांत पाठांतर घसरते. मूल दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर जाते आणि मुख्याध्यापक व शिक्षक गाळले जातात. ते घरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण घरी आपण नेहमी पहिल्या वाक्यापासूनच म्हणून घेतो. म्हणून सरावात मधूनच विचारावे : “प्रमुख पाहुण्यांनंतर कोण?” उत्तर देऊन तिथून पुढे म्हणता आले तर पाठांतर पक्के. पुन्हा ‘गुड ईव्हनिंग’पासून सुरू करावे लागले तर ते अजून गाण्यासारखे पाठ आहे, अर्थाने नाही. उपाय म्हणून प्रत्येक स्वागताला एक दिशा ठरवून द्यावी : अध्यक्ष आणि पाहुण्या मंचाच्या मध्यभागी, शिक्षक एका बाजूला, पालक समोर. नजर आधी तिकडे वळवायची, मग वाक्य. नजर फिरली की पुढचे वाक्य आपोआप आठवते, आणि ज्यांचे स्वागत आहे त्यांनाही ते आपल्यासाठी आहे हे कळते.

शेवटी कागदाबद्दल. देवनागरी प्रत घरच्यांच्या सोयीसाठी आहे. मुलाने मात्र भाषण स्वतःच्या हाताने इंग्रजी लिपीत एकदा उतरवावे, एका ओळीत एकच वाक्य, आणि दोन ओळींत मोकळी जागा. नुसत्या देवनागरीवरून शिकलेल्या मुलाला ऐनवेळी शिक्षकांनी इंग्रजीत लिहून दिलेले बदललेले वाक्य वाचता येत नाही. सराव आठ दिवस, रोज दोनदा पुरेसा होतो. त्यांतले शेवटचे दोन दिवस उभे राहून, हातात माईक म्हणून लाटणे किंवा पट्टी धरून, आणि ऐकणाऱ्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून. तिथपर्यंत प्रत्येक नाव स्वच्छ ऐकू आले, की भाषण तयार झाले असे समजावे.