डब्यावर ३५ लिटर, टायरमध्ये जेमतेम १०: घरासाठी १२ व्होल्टचा हवेचा पंप घेताना काय बघायचं?

वर्धा जिल्ह्यातलं वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. पूर्वी याला सात नंबरचा हायवे म्हणायचे, आता तो राष्ट्रीय महामार्ग ४४. घरातून गाडी काढली की काही मिनिटांत ती ट्रकांच्या रांगेत, पूर्ण वेगात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. अशा रस्त्यावर टायरमध्ये हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापत जाते आणि शेवटी फाटते.

म्हणूनच गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप आता बऱ्याच घरांत दिसतो. २०२० सालच्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरचं प्रेशर दाखवणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनी दिलीच पाहिजे असं बंधन उरलेलं नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत स्टेपनीच्या जागी हा पंपच येतो.

पण बाजारात गेलं की डब्यावर एकच आकडा मोठ्या अक्षरात असतो: १५० पीएसआय! हा आकडा सोडून द्या. कारला ३० ते ३६ पीएसआय लागतं, त्यामुळे १५० चा घरात काही उपयोग नाही. उलट तो नडतो, पण ते पुढे येईलच. बघायच्या गोष्टी तीन: हवा किती वेगाने भरते, पंप सलग किती वेळ चालतो आणि त्याचा काटा खरं बोलतो का.

३५ लिटरचं गणित

हवेचा वेग लिटर प्रति मिनिटात, म्हणजे एलपीएममध्ये सांगतात. डब्यावर ३५ एलपीएम लिहिलेलं असतं, पण हा आकडा बहुतेक वेळा नळीचं तोंड मोकळं ठेवून मोजलेला असतो. समोर दाब नसताना पंप सुसाट पळतो. टायरमध्ये आधीच ३० पीएसआय हवा असेल, तर त्याच पंपाला प्रत्येक ठोक्याला जोर लावून हवा आत ढकलावी लागते आणि वेग पार खाली येतो.

हे घरीच तपासता येतं. १८५/६५ आर १५ मापाच्या, म्हणजे मध्यम कारच्या टायरमध्ये साधारण २७ लिटर जागा असते. समजा टायर २० पीएसआयवर आहे आणि ३३ वर न्यायचा आहे. फरक १३ पीएसआयचा. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. १३ ला १४.७ ने भागून २७ ने गुणलं की साधारण २४ येतात. म्हणजे बाहेरची २४ लिटर हवा आत घालायची आहे.

पंप खरोखर ३५ लिटरचा असता तर हे काम ४० सेकंदांत उरकलं असतं. आता मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. स्वस्तातल्या पंपाला अडीच मिनिटं लागली, तर २४ भागिले अडीच, म्हणजे जेमतेम १० एलपीएम. पंप खराब आहे असं नाही, डब्यावरचा आकडा वेगळ्या परिस्थितीतला आहे. नवीन पंप आणला की परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी एकदा करून घ्यावी. विकत घेण्याआधी बघायचं असेल तर एलपीएमऐवजी ‘कारचा टायर अमुक पीएसआयपासून तमुकपर्यंत इतक्या वेळात’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा. असं लिहिणारी कंपनी निदान काहीतरी कामाचं सांगतेय.

मग १० एलपीएम कमी आहे का? महिन्यातून एकदा हवा चेक करणाऱ्याला अजिबात नाही. ३० वरून ३३ वर जायला साडेपाच लिटर हवा पुरते, म्हणजे टायरमागे अर्धा-पाऊण मिनिट. मोटारसायकलच्या टायरला तर त्याहून कमी. अडचण येते ती टायर पूर्ण बसला तर. शून्यापासून ३३ पर्यंत ६० लिटर हवा लागते, म्हणजे या पंपाला पाच-सहा मिनिटं.

किती वेळ चालेल, किती वेळ विसावा

इथे ड्युटी सायकल येते. हवा दाबली की ती तापते. त्यात पंपाचं सिलिंडर अंगठ्याएवढं आणि मोटर प्लॅस्टिकच्या डब्यात बंद. उष्णता जायला वाटच नसते. म्हणून माहितीपत्रकात ‘१० मिनिटं चालवा, १० मिनिटं थांबवा’ अशी सूचना असते. काही ठिकाणी ती टक्क्यांत असते. ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात १० मिनिटं काम आणि २० मिनिटं आराम. मात्र नुसते टक्के लिहिलेत आणि वेळ लिहिलेली नाही, तर त्यातून काहीच कळत नाही.

वरच्याच पंपाचं उदाहरण घेऊ. चारही टायर २० वर आलेत, प्रत्येकाला अडीच मिनिटं. झाली दहा मिनिटं, म्हणजे बरोबर मर्यादेवर. आता हेच काम वडनेरला मे महिन्याच्या दुपारी करा. कंपन्यांच्या चाचण्या सहसा २०-२५ अंशांच्या खोलीतल्या असतात. इथे पंप डिकीत पडून आधीच भट्टीतून निघाल्यासारखा तापलेला असतो. दहा मिनिटांचा पंप तेव्हा सहा-सात मिनिटांचाच समजावा आणि दोन टायर झाले की थांबावं. मोटरचा आवाज जड होत गेला, जळका वास आला किंवा तेवढ्याच हवेला जास्त वेळ लागू लागला, तर पंप थकलाय. तापल्यावर आपोआप बंद होणारा पंप मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा. नळीच्या टोकाचं पितळ मात्र लगेच हातात धरू नका, चटका बसतो.

विजेचंही बघा. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२० वॉटचा पंप १० अँपिअर खातो, १८० वॉटचा १५. म्हणजे १८० वॉटचा पंप १० च्या फ्यूजवर लावला की फ्यूज उडणारच. त्यापुढचे मोठे पंप चिमट्यांनी थेट बॅटरीला लावायचे असतात. हवा भरताना इंजिन चालू ठेवलं तर बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि पंप जोरात चालतो. मात्र गाडी मोकळ्यावर हवी. बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो.

काटा खरं बोलतोय का?

वेग कमी असला तर वेळ जातो, एवढंच. काटा चुकला तर मात्र हवा कमी राहते आणि आपल्याला पत्ताच नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंप चालू असताना आकडा वाचणं. त्या वेळी काटा नळीतला दाब दाखवतो. नळी बारीक, वॉल्व्ह त्याहून बारीक, म्हणून नळीतला दाब टायरपेक्षा जास्त असतो. चालू पंपावर ३३ दिसले म्हणून बंद केलं तर काटा ३० वर येऊन थांबू शकतो. ते ३० खरे! चारही टायर असेच भरले तर माणूस समाधानाने तीन पीएसआय कमी हवेवर हायवेला लागतो. आकडा सेट केला की आपोआप थांबणाऱ्या पंपांतही हे होतं, म्हणून तो थांबल्यावर पाचेक सेकंदांनी पुन्हा वाचायचं.

दुसरी गोष्ट १५० पीएसआयची. काट्याच्या तबकडीची अचूकता बहुधा पूर्ण मापाच्या टक्क्यात सांगतात. १५० च्या तबकडीवर ३ टक्के म्हणजे साडेचार पीएसआय आणि ही चूक ३३ वरसुद्धा होऊ शकते. ६० च्या तबकडीवर तेच ३ टक्के म्हणजे दोनपेक्षा कमी. म्हणून काट्याचा पंप घेत असाल तर छोट्या मापाची तबकडी बरी. डिजिटल पंपावर ३३.५ असं दशांशात दिसलं तरी भुलू नका. आकडा बारीक दिसणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. टायर गेजसाठी कायदेशीर मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, ओआयएमएलची, शिफारस आहे की ४ बारपर्यंत चूक ०.०८ बारच्या आत हवी. पीएसआयमध्ये ती साधारण एक भरते. घरच्या पंपाला हीच फूटपट्टी लावावी.

तपासायचं कसं? सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, एकाच टायरला नळी तीनदा लावून-काढून आकडा बघा. लावता-काढताना थोडी हवा जाते, तेवढा फरक सोडून द्या. मग वेगळ्या चांगल्या गेजने तोच टायर मोजा. पंप दरवेळी दोनच जास्त दाखवत असेल तर त्यावर मार्करने ‘२ वजा’ लिहून ठेवा, काम चालेल. पण एकदा ३१, एकदा ३४, एकदा ३२ असं दाखवत असेल तर तो काटा निकामी. बाजूला साधं गेज घेऊन ठेवलं तर असा पंपसुद्धा फक्त हवा भरायला वापरता येतो.

आणि मोजायचं ते सकाळीच. तापमान १० अंश वाढलं की कारच्या टायरमधलं प्रेशर साधारण दीड पीएसआय वाढतं. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. उन्हात आणि धावून टायर ३७ वर गेला म्हणून तिथे हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमीच निघतो. ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी’ हा सल्ला गावोगाव मिळतो. तो उलटा आहे, कारण हवा कमी असलेला टायरच जास्त तापतो. घरी पंप असण्याचा खरा फायदा हाच की टायर थंड असतानाच भरता येतो. पेट्रोल पंपापर्यंत जाईपर्यंत तो गरम झालेला असतो.

मग घ्यायचा कोणता?

घरी एक कार आणि एक-दोन दुचाकी असतील तर १२० वॉटपर्यंतचा, सॉकेटला लागणारा साधा पंप भागतो. उरलेले पैसे वेगळ्या गेजवर घाला.

ट्रॅक्टर असेल तर गणित बदलतं. मागच्या टायरला प्रेशर कमीच लागतं, १२-१४ पीएसआय, पण १३.६-२८ मापाच्या टायरची पोकळी २०० लिटरच्या पुढे जाते. तो पूर्ण बसला तर जवळपास २०० लिटर हवा भरावी लागेल. १० एलपीएमच्या पंपाला वीस मिनिटं, म्हणजे मधल्या विश्रांत्या धरून अर्धा-पाऊण तास आणि तोही पंप टिकला तर. अशा घरी चिमट्यांनी बॅटरीला लागणारा, ३० मिनिटं सलग चालू शकणारा मोठा पंप घ्यावा. नाहीतर कारपुरता छोटा पंप ठेवून ट्रॅक्टरची हवा पंक्चरवाल्याकडेच मारून घ्यावी. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर हवा भरताना वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर नळीतून पाणी पंपात आणि गेजमध्ये जातं.