लग्नानंतर पॉलिसीवर नाव कोणाचे?

लग्नाआधी नोकरी लागली, विमा काढला, नॉमिनी म्हणून आईचे नाव घातले. मग लग्न झाले, मूल झाले आणि पॉलिसीवरचे नाव तसेच राहिले. कर्नाटकातल्या एका तरुणाचे असेच झाले. २०१९ मध्ये तो गेला आणि विम्याच्या रकमेवरून त्याची आई आणि पत्नी कोर्टात समोरासमोर उभ्या राहिल्या. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा दिला. मृत्यू आणि निकाल यांच्यात पाच वर्षांहून अधिक काळ गेला. घरातला कमावता माणूस गेल्यानंतरची ती पाच वर्षे होती.

एवढा वाद व्हायला कायद्यातच जागा आहे. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ३९ नॉमिनीबद्दल आहे. पूर्वी नॉमिनी म्हणजे फक्त पैसे स्वीकारणारा हात, खरा हक्क वारसांचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले होते. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना वेगळे स्थान दिले. यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर रकमेवर त्याचा लाभाचा हक्क आहे, असे कायदा म्हणतो. पण त्यामुळे हिंदू वारसा कायदा बाजूला पडत नाही, असे कर्नाटकच्या निकालाने म्हटले. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीचा प्रश्न तर आपल्याच मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेच्या त्या प्रकरणात नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. तो निकाल विम्याचा नव्हे. विम्याला कलम ३९ स्वतंत्र आहे. म्हणून पॉलिसीवर आज जे नाव हवे ते आजच लिहून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. पॉलिसी चालू असेतोवर नॉमिनी कितीही वेळा बदलता येतो आणि त्यासाठी जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही.

लग्न झाले की जुना नॉमिनी आपोआप रद्द होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. भविष्य निधीत, कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर बाद ठरते. विम्यात तसे काही होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. माहीमला लेडी जमशेटजी रोडवर सासर असलेली एक मुलगी. बाविसाव्या वर्षी तिने एलआयसीची पॉलिसी घेतली, तेव्हा नाव माहेरचे, मधले नाव वडिलांचे, नॉमिनी आई. लग्नानंतर तिने आधार आणि बँकेचे खाते सासरच्या नावाने करून घेतले. आता तिला नवऱ्याला नॉमिनी करायचे आहे, पण आईलाही वगळायचे नाही. दोघांची नावे घालून प्रत्येकापुढे टक्केवारी लिहिता येते, समजा नवरा सत्तर आणि आई तीस. दोघेही कायद्याने विशेष स्थान दिलेल्या नात्यांतले आहेत. घरात पुढे संशयाला जागा राहू नये म्हणून असे वाटे लिहिणे मला फार शहाणपणाचे वाटते.

पहिला कागद विवाह नोंदणीचा. माहीम, दादर, धारावी हा भाग महापालिकेच्या जी-उत्तर विभागात येतो आणि नोंदणी त्या विभाग कार्यालयात होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नवरा, बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी किंवा काझी यांच्या सह्यांनी अर्ज भरावा लागतो. लग्नाची पत्रिका आणि फोटो ही त्या अर्जाची जोडपत्रे; विमा कंपनीपुढे नात्याचा पुरावा म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर विवाह अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, चर्चमध्ये झाले असेल तर तिथल्या नोंदीचे प्रमाणपत्र लागते. विवाह प्रमाणपत्रावर मुलीचे लग्नापूर्वीचे नाव नीट छापले आहे की नाही, ते कार्यालयातच वाचून घ्यावे. पॉलिसीवरचे माहेरचे नाव आणि आधारवरचे सासरचे नाव यांना जोडणारा दुवा तोच आहे. आईशी नाते दाखवायला मुलीचा जन्मदाखला चालतो.

दुसरी गोष्ट सहीची. कंपनीकडे नमुना असतो तो विमा घेतानाच्या, म्हणजे माहेरच्या नावाच्या सहीचा. नव्या आडनावाने सही करून अर्ज दिला तर सही जुळत नाही म्हणून कागद परत येतात. म्हणून आधी, किंवा त्याच दिवशी, नाव आणि सही बदलण्याचा स्वतंत्र अर्ज विवाह प्रमाणपत्राच्या प्रतीसह द्यावा.

नॉमिनी बदलण्यासाठी एलआयसीचा नमुना क्रमांक ३७५० आहे. त्यासोबत मूळ पॉलिसी बॉण्ड लागतो, कारण बदलाची नोंद बॉण्डवर चढते. नॉमिनीचे नाव त्याच्या आधार आणि बँक पासबुकात जसे आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहावे. वय, नाते, पत्ता आणि वाटा भरावा. साक्षीदार नॉमिनीखेरीज दुसरा असावा. हे सगळे पॉलिसी ज्या शाखेत आहे त्या सर्व्हिसिंग ब्रँचला जाते. बॉण्ड हरवला असेल तर आधी डुप्लिकेट काढावी लागते. पॉलिसीवर एलआयसीचे कर्ज असेल तर बॉण्ड शाखेकडेच असतो. तिथे अर्ज देऊन विचारावे. काही खासगी कंपन्या हाच बदल त्यांच्या संकेतस्थळावर ओटीपी घेऊन करतात.

एक अपवाद आहे. नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेतली असेल तर कलम ३९ लागू होत नाही. ती रक्कम पत्नी-मुलांच्या नावे विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याला लाभार्थी मनाला येईल तसा बदलता येत नाही. नॉमिनी अज्ञान मूल असेल, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नावही लिहावे लागते.

अर्ज एजंटच्या हाती दिला की काम झाले, असे अनेकांना वाटते. बदल पुरा होतो तो कंपनीने नोंद केल्यावर आणि कायद्याप्रमाणे तशी लेखी पोच देणे कंपनीला बंधनकारक आहे. पोचेवर पॉलिसी क्रमांक, दोन्ही नॉमिनींची नावे आणि वाटे तपासून घ्यावेत. महिना गेला आणि पोच आली नाही, तर शाखेत जाऊन पॉलिसीच्या सद्यःस्थितीचा कागद मागावा. त्यावर नोंदलेला नॉमिनी दिसतो.

नोंद न होताच माणूस गेला, तर कंपनी जुन्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे देऊन मोकळी होते. कलम ३९ तिला तसे संरक्षण देते. मग बाकीच्यांचा दावा कंपनीवर उरत नाही, पैसे घेणाऱ्या नातेवाइकावर उरतो. म्हणून रक्कम वाटली जाण्याआधीच वारसांनी आपला हक्क सांगणारे पत्र शाखेला लेखी देऊन त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा, आणि वाद मिटत नसेल तर लगेच दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागावा.