दुकान उघडतंय, निरोप कसा धाडाल?

समजा, गल्लीत फरसाणाचं छोटं दुकान सुरू होतंय आणि शेजाऱ्यांना व्हॉट्सॲपवर बोलवायचंय. निरोप एवढाच पुरे:

“नमस्कार! गुरुवारी, 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी सकाळी 9 वाजता गणपती मंदिरासमोर आमचं फरसाणाचं दुकान सुरू होतंय. अर्धा किलो फरसाणावर 50 ग्रॅम लसूण शेव भेट, शनिवार रात्रीपर्यंत. सहकुटुंब या.”

यात ‘उद्या’ कुठेच नाही. निरोप पुढे पाठवला जातो, दोन दिवसांनी वाचला जातो, आणि मग ‘उद्या’ म्हणजे नेमका कोणता दिवस हे कुणालाच कळत नाही. म्हणून वार आणि तारीख दोन्ही हवेतच.

सवलत ठरवताना आधी हिशेब मांडावा. अर्धा किलो फरसाण 160 रुपयांना विकलं आणि खर्च 120 आला, तर हाती 40 उरतात. दहा टक्के सूट दिली की त्यातले 16 गेले. 240 रुपये किलोने पडणारी 50 ग्रॅम शेव मात्र 12 रुपयांत भागते, शिवाय गिऱ्हाईक नवा पदार्थ चाखतं. मला तरी भेटच पटते. शेवटचा दिवस मात्र लिहावाच, नाहीतर चौथ्या दिवशी काउंटरवर वाद ठरलेला.

ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. समोरच्या काकूंनी तो केलेला नसेल, तर त्यांना वेगळा पाठवा, किंवा सरळ दार वाजवा.