काटा अडला, तर ताट बदलू



८२ किलोंवरून तुम्ही ७६ वर आलात. पण रोज सकाळच्या वजनाची साप्ताहिक सरासरी चार आठवडे हललेली नाही. एखादाच आठवडा असता, तर पाळीमुळे अंगात साठलेलं पाणी समजून मी थांबलो असतो. आता कारण वेगळं दिसतं. हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते, शिवाय कमी खाताना नकळत हालचालही घटते. त्यामुळे १८०० कॅलरींतली तूट जवळपास संपली आहे.

आता १६५० कॅलरी ठेवू. प्रथिनं ९० वरून १२० ग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, त्यामुळे स्नायू टिकायला मदत होते आणि भूक लवकर लागत नाही. कर्बोदकं २२५ वरून १८० आणि स्निग्धांश ६० वरून ५० ग्रॅम.

म्हणजे दिवसाला दोन-तीन पोळ्या कमी, तेल दोन छोटे चमचे कमी आणि पाच अंड्यांचं पांढरं नि अर्धा स्कूप व्हे जास्त.

फोडणीचं तेल मात्र मोजूनच घाला. एक मोठा चमचा जास्त पडला, तर सुमारे १२० कॅलरी वाढतात आणि ही सगळी कपात जवळपास तिथेच संपते. तीन आठवड्यांनी पुन्हा सरासरी पाहू. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तुमचा ट्रेनर