87 हजार हरकती आणि एक रकाना

पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळासाठीचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तो 2013 मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्यातली सहा वर्षं तोवर उलटूनही गेली होती. प्रशासनाने केलेल्या प्रारूपात सर्वसाधारण सभेने आधीच फेरफार केले होते, त्यामुळे लोक नेमकी कोणाच्या निर्णयावर हरकत घेत आहेत, हाही प्रश्नच होता. तरीही हरकती आल्या सुमारे 87 हजार. पेठांमधलं रस्तारुंदीकरण, मेट्रोमार्गालगत चार एफएसआय, उठवलेली आरक्षणं आणि नव्याने टाकलेली आरक्षणं, असे विषय होते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे या हरकती नियोजन समितीपुढे जातात. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि सोबत बाहेरून नेमलेले तज्ज्ञ. पुण्यात हे तज्ज्ञ चार होते. हरकतदाराला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची, असं कायदा सांगतो. आता साधा हिशेब करून पाहा. माणशी तीन मिनिटं दिली आणि समिती रोज आठ तास बसली, तर दिवसाला 160 हरकती ऐकून होतात. 87 हजारांना साडेपाचशेच्या आसपास दिवस लागतील. म्हणून अशा सुनावणीत गट पाडण्यावाचून गत्यंतर नसतं. एकाच मजकुराचे छापील अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांचा एकच गोषवारा तयार होतो.

घोळ होतो तो इथेच. छापील मजकुराखाली एखाद्याने हाताने लिहिलेलं असतं, ‘आमच्या वाड्याचा जिना रुंदीकरणात जातो, वर जायला दुसरी वाट नाही’. गोषवाऱ्यात मात्र ‘रस्तारुंदीकरणास विरोध’ एवढंच उरतं. आपली हरकत इतिवृत्तात खरंच उतरली का, हे ओळखायची खूण सोपी आहे. आपला आवक क्रमांक सापडला म्हणून समाधान मानू नये. गोषवाऱ्यात सिटी सर्व्हे नंबर आहे का आणि आपण दिलेलं कारण आहे का, ते पाहावं. कारणच लिहिलं गेलं नसेल, तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारीही कोणावर राहत नाही.

शेवटच्या रकान्यात शिफारस असते. समजा, 1987 च्या आराखड्यात एका जमिनीवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं आणि पालिकेने ती कधीच ताब्यात घेतली नाही. मालक म्हणतो, इतकी वर्षं घेतली नाहीत, आता तरी सोडा. उत्तर येतं, ‘आरक्षण सार्वजनिक हिताचे असल्याने हरकत अमान्य.’ आरक्षण सार्वजनिक हिताचं नाही, असं मालक म्हणालाच नव्हता. त्याचा प्रश्न ताब्याचा होता. उत्तर द्यायचंच तर भागात दुसरं मैदान आहे का, संपादनाला पैसे आहेत का, टीडीआर देऊ केला होता का, हे लिहायला हवं. आणि हेच आरक्षण उठवलं, तर हरकत शेजारपाजारचे घेतात. त्यांनाही ‘धोरणात्मक बाब, नोंद घेतली’ एवढ्यावर वाटेला लावलं जातं. ‘नोंद घेतली’ म्हणजे नकार, पण नकाराचं कारण लिहायची तसदी वाचवून दिलेला.

पुण्याच्या समितीत पुढे जे घडलं, ते सहसा घडत नाही. नगरसेवक सदस्य आणि तज्ज्ञ यांचं बऱ्याच आरक्षणांवर एकमत झालं नाही, आणि दोन्ही गटांनी आपापले स्वतंत्र अहवाल दिले. शहरात त्याची टर उडाली. इतक्या सुनावण्यांनंतर एक निर्णय देता येत नाही, म्हणून टीकाही झाली. मला मात्र या सगळ्या कारभारात तेवढीच गोष्ट वाचनीय वाटते. एरवी ‘चर्चेअंती सर्वानुमते’ या दोन शब्दांआड कोण काय म्हणालं, ते कायमचं गडप होतं. दोन अहवाल समोरासमोर ठेवले, की कोणती जागा कोणाला राखायची होती आणि कोणाला मोकळी करायची होती, हे दिसू लागतं.

अर्थात समितीने करायची ती शिफारसच. मार्च 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा पालिकेकडून आपल्या हाती घेतला आणि तत्कालीन विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली. निवडून आलेल्या सभेच्या हातून शहराचा नकाशा गेला, याची खंत फार कमी जणांनी केली. सभेने आधी केलेल्या फेरफारांमुळे तिची पत तोवर घसरली होती. जानेवारी 2017 मध्ये आराखडा मंजूर झाला. मुदत संपायला तेव्हा दहा वर्षं उरली होती. काही भाग सरकारने मंजुरीतून वगळून बाजूला ठेवले आणि त्यांवर पुन्हा हरकती-सूचना मागवल्या.